दहा चिठ्ठ्या काढा, दहा पानं तपासा : साठा वही किती खरी आहे ते असं मोजा



मार्चअखेरीला आपल्या साठा खोलीची पूर्ण मोजणी होते. दोन दिवस विक्री बंद, सगळ्या जणी कामाला, आणि शेवटी एक आकडा निघतो : वहीप्रमाणे इतक्या रुपयांचा माल, प्रत्यक्षात इतक्या रुपयांचा. फरक थोडा असला की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. पण मग दिवाळीच्या तोंडावर कोणी चकली भाजणीची ६० पाकिटं मागतं, वही ६० आहेत म्हणते, म्हणून आपण होकार देतो, आणि कपाटात निघतात ३८. राहिलेली २२ पाकिटं एका रात्रीत कुठून आणायची? भाजणी दिलेल्या गटाच्या ताई विचारतात, "आमची २२ पाकिटं विकली गेली, तर पैसे कुठे आहेत?" आणि सगळ्यांच्या नजरा साठा सांभाळणाऱ्या ताईकडे वळतात.

मार्चची मोजणी खोटी नव्हती. तिने रुपये मोजले, वहीची पानं किती बरोबर आहेत ते मोजलं नाही. शिवाय मार्चनंतर सात महिने कोणी पाहिलंच नाही. यावरचा उपाय म्हणजे दर आठवड्याला थोड्याच वस्तूंची अचानक मोजणी. त्या थोड्या वस्तू कशा निवडायच्या, त्यातून चुकीचा दर कसा काढायचा आणि त्यावरून उद्दिष्ट कसं ठरवायचं, एवढंच या लेखात सांगते. समजायला सोपं जावं म्हणून १२० वस्तूंची एक साठा खोली धरू. इथे वस्तू म्हणजे वहीचं एक पान. उडीद पापड २०० ग्रॅम हे एक पान आणि उडीद पापड ५०० ग्रॅम हे दुसरं पान. आतला माल तोच असला तरी मोजायला वस्तू दोन.

चिठ्ठ्याच का?

"आज दहा वस्तू मोजा" असं सांगितलं की आपण काय करतो? दाराजवळच्या फळीवरच्या, हाताला लागणाऱ्या, नीट रचून ठेवलेल्या वस्तू मोजतो. माळ्यावरच्या खोक्यात हात घालत नाही. किंवा उलट होतं. ज्या वस्तूचा संशय आहे तीच मोजतो. पहिल्या पद्धतीत वही आहे त्यापेक्षा चांगली दिसते आणि दुसऱ्या पद्धतीत आहे त्यापेक्षा वाईट. दोन्हीतून न पाहिलेल्या ११० पानांबद्दल काहीच कळत नाही. न पाहिलेल्याबद्दल बोलायचं असेल, तर प्रत्येक पानाला निवडलं जाण्याची संधी असली पाहिजे आणि निवड कोणाच्या मनावर असता कामा नये. भिशीत चिठ्ठी का काढतो, तेच कारण. संशयाची वस्तू जरूर मोजा, पण ती वेगळी मोजा. चिठ्ठीच्या हिशोबात ती धरू नका.

आता सगळ्या १२० चिठ्ठ्या एकाच डब्यात टाकल्या तर एक अडचण येते. वर्षाच्या विक्रीची बिलं पाहिली तर बहुतेक साठा खोल्यांत असं दिसतं की थोड्याच वस्तू बहुतेक पैसे आणतात. पापड, गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, शेंगदाणा चटणी, लोणचं अशा वस्तू रोज आत-बाहेर होतात. एकेका नोंदीला चुकायची एकेक संधी असते, म्हणून यांच्या पानावर चूक व्हायची शक्यता जास्त आणि चुकलं तर नुकसानही मोठं. म्हणून दोन डबे करा. लाल डब्यात अशा ३० वस्तू आणि निळ्या डब्यात बाकीच्या ९०. लाल डब्यात काय जाईल हे दर पाकिटाच्या किमतीवर ठरवू नका. वर्षभरात त्या वस्तूची एकूण किती रुपयांची विक्री झाली त्यावर ठरवा. एक अपवाद मात्र करा. गोडा मसाल्याचे छापील पाउच विकले जात नाहीत, स्वस्तही असतात, पण ते संपले की पॅकिंगच थांबतं. ज्यावाचून काम अडतं, ती वस्तूही लाल डब्यात.

दर आठवड्याला लाल डब्यातून ५ आणि निळ्या डब्यातून ५ चिठ्ठ्या काढायच्या. निघालेली चिठ्ठी लगेच डब्यात परत टाकायची नाही, तिच्या रंगाच्या पिशवीत ठेवायची. म्हणजे हळूहळू सगळ्यांची पाळी येते. पण यात एक पळवाट आहे. "गोडा मसाला झालाय, आता दोन महिने कोणी बघणार नाही" हे सगळ्यांना कळतं. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून पाचपैकी एक चिठ्ठी त्या झालेल्यांच्या पिशवीतून काढा. असं केल्याने लाल डब्याची फेरी साधारण आठ आठवड्यांत पूर्ण होते, निळ्याची साडेपाच महिन्यांत, आणि कुठलीच वस्तू "सुटली" असं होत नाही.

मोजताना

चिठ्ठी साठा सांभाळणाऱ्या ताईने काढायची नाही, आणि आदल्या दिवशीही काढायची नाही. मोजणाऱ्या दोघी जणी दुसऱ्या गटांतल्या असाव्यात आणि दर महिन्याला बदलाव्यात. त्यांच्या हातात फक्त वस्तूचं नाव आणि वजन लिहिलेला कागद द्यायचा. वहीतला आकडा सांगायचा नाही. हे ऐकायला उगाच कडक वाटतं, पण एकदा "८५ असायला हवीत" हे कानावर पडलं की ८३ मोजून झाल्यावर माणूस मागे कुठे दोन पाकिटं अडकली असतील म्हणून शोधतो, आणि ८५ मिळाली की शोधणं थांबवतो. ८७ असती तर? मागची दोन कोणी पाहिलीच नसती.

मोजणी विक्री सुरू व्हायच्या आधी, सकाळी. त्याआधी आदल्या दिवसापर्यंतची सगळी आवक आणि सगळी बिलं वहीत चढलेली हवीत. काल संध्याकाळी टेम्पोतून उतरलेला आणि अजून वहीत न आलेला माल असेल, तर तो वेगळा ठेवून त्यावर कागद चिकटवा. नाहीतर वही आणि कपाट दोन वेगवेगळ्या वेळचे होतात आणि नसलेली चूक दिसते.

मग बरोबर कशाला म्हणायचं? बंद पाकिटं असतील तर एकाही पाकिटाचा फरक म्हणजे चूक. सुट्या मालाचं तसं नाही. हळद, पीठ, गूळ यांत ओलावा कमी-जास्त होतो, प्रत्येक वेळी तोलताना थोडं सांडतं. म्हणून सुट्या मालाला चालण्याजोगा फरक आधीच ठरवून, लिहून ठेवायचा. शंभर किलोला एक किलो, म्हणजे १ टक्का, हा सुरुवातीला ठीक आहे. ४२ किलो हळदीला तो ४२० ग्रॅम होतो. वजन करताना बारदानाचं वजन वजा करायला विसरू नका. रिकामं पोतं एकदा तोलून त्यावर मार्करने लिहून ठेवलं की दरवेळी वाद नको.

फरक आला तर दुसऱ्या ताईने पुन्हा मोजायचं. दोन्ही मोजण्या जुळल्या तरच तो फरक खरा.

एका आठवड्याचा हिशोब

आता एक आठवडा घेऊ. लाल डब्यातून पाच वस्तू निघाल्या. उडीद पापड दोन्ही वजनांचे, शेंगदाणा चटणी आणि कांदा-लसूण मसाला या चारही वस्तू वहीप्रमाणे. गोडा मसाला १०० ग्रॅम मात्र वहीत ८५, कपाटात ७९. सहा पाकिटं कमी.

निळ्या डब्यातून शेवया आणि नाचणी सत्त्व बरोबर. सुटी हळद वहीत ४२ किलो, तोलून भरली ४१ किलो ७०० ग्रॅम. फरक ३०० ग्रॅम, ४२० च्या आत आहे, म्हणजे बरोबर. कुरडई वहीत १८ पाकिटं, निघाली १५. कापडी पिशव्या वहीत ११०, निघाल्या १४०.

आधी हा हिशोब मार्चसारखा रुपयांत करून बघा. गोडा मसाल्याचं पाकीट ६० रुपयांना धरलं तर सहा पाकिटांचे ३६० रुपये कमी. कुरडई ८० रुपयांना, तीन पाकिटांचे २४० रुपये कमी. पिशवी २० रुपयांची, ३० पिशव्यांचे ६०० रुपये जास्त. ३६० आणि २४० मिळून ६०० कमी, आणि ६०० जास्त. फरक शून्य! रुपयांच्या हिशोबात ही साठा खोली चोख आहे. पण दहापैकी तीन पानं चुकीची आहेत, आणि उद्या कोणी गोडा मसाल्याची ८५ पाकिटं मागितली तर आपण तोंडघशी पडणार. म्हणून कमी आणि जास्त यांची वजाबाकी करायची नाही. कमी हीही चूक आणि जास्त हीही चूक. चुकीची पानं किती, ते मोजायचं.

चुकीचा दर काढायला एवढंच लागतं : चुकीची पानं भागिले मोजलेली पानं, गुणिले शंभर. लाल डब्यात ५ पैकी १, म्हणजे २० टक्के. निळ्यात ५ पैकी २, म्हणजे ४० टक्के. शंभरातून हा दर वजा केला की अचूकता मिळते : लाल ८० टक्के, निळी ६० टक्के.

आता कारणं. गोडा मसाला सहाने कमी आहे म्हटल्यावर लगेच २०० ग्रॅमचं पान उघडून बघावं, कारण मोजणीत असं खूपदा सापडतं. आपल्या उदाहरणात २०० ग्रॅमच्या वहीत ४१ आहेत आणि कपाटात ४७. सहा जास्त. म्हणजे कुठल्यातरी बिलावर १०० ग्रॅमची पाकिटं गेली आणि बिल २०० ग्रॅमचं फाटलं. माल गायब नाही. मात्र ग्राहकाकडून पैसे जास्त घेतले गेले असणार, तर ते बिल शोधायला हवं. कापडी पिशव्यांचं चलन फाइलला लागलं, पण वहीत चढलं नाही. कुरडईची तीन पाकिटं चुरा झाली म्हणून बाजूला काढली, पण नोंद केली नाही. तिन्ही ठिकाणी चोरी नाही. तीन नोंदी चुकल्या किंवा राहिल्या. बहुतेक फरकांची कारणं अशीच असतात : चुकीचं वजन लिहिलेलं बिल, न चढवलेलं चलन, चव बघायला फोडलेलं पाकीट, प्रदर्शनाला गेलेला आणि परत येऊन न मोजलेला माल. म्हणून साठा सांभाळणाऱ्या ताईला प्रश्न विचारायच्या आधी बिलबुक आणि चलनाची फाइल काढा, ही माझी सगळ्यांना विनंती आहे.

एक बारीक गोष्ट. गोडा मसाला २०० ग्रॅमचं पान आपण दुरुस्त करणार, पण चुकीच्या दरात ते धरायचं नाही. ते चिठ्ठीने आलं नव्हतं, आपण कारण शोधत तिथे गेलो. चूक दिसली की शेजारची पानं उघडायची आणि ती सगळी दरात घालायची असं केलं, तर दर उगाच फुगतो.

आणखी एक तपासणी दर आठवड्याला जोडा. चिठ्ठीने आपण वहीकडून कपाटाकडे जातो. ज्या मालाचं वहीत पानच नाही, तो असा कधीच सापडत नाही. म्हणून फळ्यांना क्रमांक द्या, त्यांच्या वेगळ्या चिठ्ठ्या करा, दोन चिठ्ठ्या काढा आणि त्या फळीवरची डावीकडून तिसरी वस्तू वहीत आहे का ते बघा. तिसरीच का, तर आधी ठरवलेलं असलं की आवडीची वस्तू उचलता येत नाही. याचा निकाल वेगळ्या रकान्यात लिहा.

एका आठवड्यावरून ओरडू नका, नाचूही नका

दहापैकी तीन चूक म्हणजे साठा खोलीतली ३० टक्के पानं चूक, असं नाही. समजा १२० पैकी खरोखर ३० पानं चुकीची आहेत, म्हणजे चारात एक. सगळ्या चिठ्ठ्या एका डब्यात घालून दहा काढल्या, तर कधी दोन चुका निघतील, कधी तीन, कधी चार. आणि साधारण वीस वेळांत एकदा दहाच्या दहा बरोबर निघतील! त्या आठवड्यात फळ्यावर "अचूकता १०० टक्के" लिहून पेढे वाटले, तरी ती ३० चुकीची पानं तिथेच आहेत. भाताचं शीत दाबून भात शिजला का ते कळतं, कारण सगळी शितं एकाच पाण्यात शिजतात. वहीचं प्रत्येक पान वेगळं शिजतं, म्हणून इथे एका शितावर भागत नाही.

म्हणून निकाल आठवड्याला लिहायचा, पण मत आठ आठवड्यांची बेरीज करून बनवायचं. आठ आठवड्यांत लाल डब्याच्या ४० आणि निळ्याच्या ४० मोजण्या होतात. समजा लालमध्ये ४ चुका निघाल्या आणि निळ्यामध्ये १२. लालचा चुकीचा दर १० टक्के, निळ्याचा ३० टक्के. निळ्यात ९० पैकी बरीच पानं अजून पाहायची राहिलेली असतात, म्हणून तिथला ३० हा आकडा अंदाजे २० ते ४० च्या मध्ये कुठेतरी असा वाचा. लालमध्ये जवळजवळ सगळ्याच वस्तूंची पाळी येऊन जाते, त्यामुळे तो आकडा जास्त भरवशाचा.

इथे अहवाल लिहिताना एक ठेच हमखास लागते. पूर्ण साठा खोलीचा एक दर काढायचा म्हणून आपण ४ आणि १२ मिळून १६, ८० पैकी १६ म्हणजे २० टक्के असं लिहितो. पण लाल वस्तू ३० आहेत, निळ्या ९०, आणि आपण दोन्हींच्या चिठ्ठ्या सारख्याच काढल्या. लाल वस्तूंना त्यांच्या संख्येपेक्षा जास्त मान मिळाला. खरा हिशोब असा : ३० लाल पानांचे १० टक्के म्हणजे ३ पानं, ९० निळ्या पानांचे ३० टक्के म्हणजे २७ पानं, एकूण ३०. १२० पैकी ३० म्हणजे २५ टक्के. वीस आणि पंचवीस यांतला फरक मोठा आहे. माझं मत विचाराल तर एकत्र आकडा लिहूच नका. मासिक बैठकीत लाल आणि निळा वेगवेगळाच वाचा, कारण दोघांवर करायची कामं वेगळी आहेत.

उद्दिष्ट किती ठेवायचं?

"१०० टक्के" असं फळ्यावर लिहिणं सोपं असतं. पण पहिल्याच आठवड्यात ते मोडतं आणि मग त्या आकड्याकडे कोणी बघत नाही. आधी आठ आठवडे फक्त मोजा, उद्दिष्ट ठेवू नका. आपण आज कुठे आहोत ते कळल्यावर पुढच्या आठ आठवड्यांचं ठरवा.

आपल्या उदाहरणात लालची अचूकता ९० टक्के आहे. पुढचं उद्दिष्ट ९५ ठेवू. ते टक्क्यांत सांगण्यापेक्षा असं सांगा : येत्या आठ आठवड्यांत लाल डब्याच्या ४० मोजण्यांत २ पेक्षा जास्त चुका नकोत. निळ्याची अचूकता ७० आहे. तिथे ८५, म्हणजे ४० मोजण्यांत ६ पर्यंत चुका. हे साध्य झालं की लालसाठी ४० मध्ये १ चूक. निळ्यावर मी एवढा जोर देणार नाही. कापडी पिशव्यांचं पान ९९ टक्के अचूक ठेवायला जो वेळ लागतो, तो गोडा मसाल्याची बिलं तपासण्यात घातला तर गटांच्या पदरात जास्त पडेल. दर आठवड्याला दोघींचा तास-दीड तास जातो, आणि त्या वेळेलाही मोल आहे.

एका प्रकाराला मात्र सवलत नाही. गटांनी विक्रीसाठी ठेवलेला आणि पैसे विकल्यावर द्यायचे आहेत असा माल लाल असो वा निळा, त्याच्या पानात फरक आला तर त्याच आठवड्यात त्या गटाला कळवायचं आणि कारण सापडेपर्यंत तो विषय उघडा ठेवायचा. तो माल आपला नाही, सांभाळायला दिलेला आहे.

उद्दिष्ट गाठायचं ते कारणांवर काम करून. आठ आठवड्यांच्या १६ चुकांसमोर कारणं लिहिलेली असतील, तर दिसेल की समजा सात चुका वजन चुकीचं लिहिल्याच्या आहेत. मग १०० ग्रॅमच्या पाकिटाला हिरवं आणि २०० ग्रॅमच्या पाकिटाला पिवळं लेबल लावलं, आणि दोन्ही वेगळ्या फळीवर ठेवली, की त्या सातमधल्या बऱ्याच थांबतात. चलनं राहात असतील तर माल फळीवर चढवायच्या आधी चलनावर वहीचा पान क्रमांक लिहायची सवय लावा. क्रमांक नसलेलं चलन म्हणजे न चढवलेलं चलन, हे लांबूनच दिसतं.

आकडा चांगला दिसतोय, पण खरा आहे का?

उद्दिष्ट ठेवलं की आकडा सजवायचा मोहही येतो. काही ठिकाणी अचूकता कमी आली की साठा सांभाळणाऱ्या ताईचं मानधन कापायचं असं ठरवतात. मला ते पटत नाही. असं केलं की चुका कमी होत नाहीत, दिसायच्या बंद होतात.

सजवलेला आकडा ओळखायच्या खुणा आहेत. मोजणीच्या दिवशी सकाळीच पानावर "दुरुस्ती" म्हणून नोंद पडलेली असते. सुट्या मालाचा फरक दरवेळी चालण्याजोग्या फरकाच्या जेमतेम आत असतो, ४२० ला ४१०, ३०० ला २९०. ठराविक जोडी मोजायला असली की चूक एकही नसते आणि दुसरी जोडी आली की निघतात. किंवा "ही वस्तू माळ्यावर आहे, दुसरी चिठ्ठी काढू" असं होतं. निघालेली चिठ्ठी बदलायची नाही. शिडी आणायची आणि माळ्यावर चढायचं. अवघड जागेतला माल न मोजण्यानेच तर चुका तिथे साठतात.

वहीतली दुरुस्ती करतानाही जुना आकडा खोडायचा नाही. त्यावर एक रेघ मारून लाल पेनने नवा आकडा, तारीख, कारण आणि दोघींच्या सह्या. दुसऱ्या मोजणीनंतरच. कारण सापडलं नाही तर "कारण सापडलं नाही" असंच लिहा, "घट" असं लिहून मोकळ्या होऊ नका. तीन महिन्यांनी त्याच वस्तूसमोर पुन्हा तेच आलं तर ते कळायला हवं.

ही मोजणी सुरू करायला एक वेगळी वही पुरते. रकाने असे आखा : तारीख, डब्याचा रंग, वस्तू, वहीतला आकडा, पहिली मोजणी, दुसरी मोजणी, बरोबर की चूक, कारण, सह्या. मोजणाऱ्यांना दाखवायचा नसल्यामुळे वहीतल्या आकड्याचा रकाना मोजणी झाल्यावर भरायचा. चिठ्ठ्या तयार करायला एक दुपार लागेल, आणि त्या करतानाच दोन-चार वस्तूंची पानं दोनदा उघडलेली सापडतील. ती पानं पहिल्या चिठ्ठीआधी एकत्र करून घ्या. नाहीतर एका पानावर कमी आणि दुसऱ्यावर जास्त असं दिसेल, आणि पहिला महिना त्यातच जाईल.